तीन हजारांची चिठ्ठी आणि तिच्यावरचे आक्षेप

नवऱ्याला दरमहा 3,000 रुपये क्रिप्टोत घालायची लेखी संमती देणारी बाई घर बुडवायला निघाली आहे, असं माझ्याविषयी सासरी चिखलीत आणि माहेरी मेहकरला बोललं जातं. दादाने फोनवर विचारलं, "तू काहून लिहून दिलं? सरळ नाही म्हणायचं ना." यांच्या एका मित्राला उलटा राग आला. तो घरी येऊन म्हणाला, "वहिनी, असं बांधून ट्रेडिंग होत नसते. यांचे हात बांधून ठेवले तुम्ही." एकाला वाटतं मी फार दिलं, दुसऱ्याला वाटतं मी फार अडवलं. दोघांचंही म्हणणं मला मान्य नाही आणि त्याची कारणं मी इथे मांडते आहे, कारण हा वाद फक्त माझ्या घरातला राहिलेला नाही. मी करसल्लागाराच्या कार्यालयात विवरणपत्रं भरण्याचं काम करते. चिखली, देऊळगाव राजा, मोताळा, सगळीकडची कागदपत्रं माझ्या टेबलावर येतात आणि शिक्षक, दुकानदार, शेतकऱ्यांची मुलं अशा साध्या माणसांच्या कागदांत आता क्रिप्टोचे व्यवहार दिसतात.

आधी चिठ्ठीत काय आहे ते सांगते, कारण टीका करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती वाचली आहे. "दर महिन्याच्या 5 तारखेला 3,000 रुपये वेगळ्या खात्यात जातील. महिन्यात ते संपले तर पुढची 5 तारीख येईपर्यंत काहीही नाही. पुढच्या महिन्याचे आधी मागायचे नाहीत. उसनवार, क्रेडिट कार्ड, लोन ॲप, सोनेतारण, ठेवीवरचं कर्ज, यातलं काहीही या कामासाठी नाही. फ्युचर्स नाहीत. खरेदी-विक्री एक्सचेंजवरच, अनोळखी माणसाशी थेट नाही. प्रत्येक नफ्यातला कराचा भाग त्याच दिवशी बाजूला. तिथला पैसा घरात येऊ शकतो, घराचा तिकडे जाणार नाही." खाली बचत म्हणजे काय ते नावानिशी लिहिलं आहे: पतसंस्थेतली मुदत ठेव, आवर्ती ठेव, मुलीचं सुकन्या समृद्धीचं खातं, माझे दागिने, आणि सोयाबीनच्या पट्टीचे पैसे. शेवटी दोघांच्या सह्या.

दादाचं म्हणणं असं, की लिहून दिलं म्हणजे परवानगी दिली. पण परवानगी द्यायला आधी ती माझ्या हातात असावी लागते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी ते परिपत्रक रद्द केलं. 2022 पासून सरकार या नफ्यावर कर घेतं. म्हणजे हा व्यवहार बेकायदा नाही, आणि पॅन, आधार व फोन असलेल्या माणसाला त्याचं खातं घरबसल्या उघडता येतं. माझ्या नकाराने ते खातं बंद झालं नसतं. ते फक्त माझ्यापासून लपवलं गेलं असतं.

आणि लपवलेल्या ट्रेडिंगला पैसा कुठून येतो? उघड खात्यातून घेतला तर बायकोला कळेल, म्हणून तो येतो लोन ॲपवरून, कार्डावरून, मित्राकडून, व्याजाने. नकार दिलेल्या घरात बचत सुरक्षित राहते हा दादाचा समज माझ्या टेबलावरच्या कागदांशी जुळत नाही. कितीतरी बायकांना नवऱ्याच्या या व्यवहारांचा पत्ता लागतो तो आयकर खात्याकडून विचारणा आल्यावर. भारतीय एक्सचेंजवर क्रिप्टो विकली की 1 टक्का कर कापला जातो आणि त्याची नोंद त्या माणसाच्या 26AS मध्ये आणि वार्षिक माहिती विवरणात उमटते. नवरा बोलला नाही तरी तो कागद बोलतो. मला मात्र कागदाच्या आधी नवऱ्याकडून ऐकायचं होतं, आणि चिठ्ठीमुळे ते झालं.

आता मित्राचं म्हणणं. ते जास्त घातक आहे, कारण ते जाणकाराच्या तोंडून येतं. भाव पडला की आणखी घ्यायचं, म्हणजे सरासरी किंमत खाली येते आणि भाव थोडा वर आला तरी आपण सुटतो. याला हे लोक ॲव्हरेज करणं म्हणतात. त्यासाठी हाताशी पैसा हवा, आणि महिन्याला ठरलेली रक्कम असली तर तो नसतो. हिशेब म्हणून यात चूक काही नाही. पण त्यात गृहीत धरलं आहे की भाव वर येणारच. मे 2022 मध्ये लुना नावाचं नाणं आठवडाभरात 80 डॉलरच्या आसपासून जवळपास शून्यावर आलं. 40 ला ॲव्हरेज करणारे, 10 ला करणारे, 1 ला करणारे, सगळ्यांचा पैसा गेला, आणि ज्याने जास्त वेळा ॲव्हरेज केलं त्याचा जास्त गेला. बिटकॉइनसारखं जुनं नाणंसुद्धा नोव्हेंबर 2021 मध्ये 69,000 डॉलरजवळ होतं आणि वर्षभराने 16,000 च्या खाली गेलं. ते पुढे सावरलं हे खरं. पण सावरेपर्यंत थांबायला ज्याच्याकडे घराबाहेरचा पैसा होता तोच थांबू शकला. ज्याने खताचे पैसे घातले होते त्याला जूनमध्ये विकावंच लागलं, भाव काहीही असो.

फ्युचर्समध्ये तर ही गोष्ट काही तासांवर येते. 3,000 रुपये ठेवून दहापट लिव्हरेज घेतलं की सौदा होतो 30,000 चा. भाव 10 टक्के खाली आला की तोटा 3,000 चा, म्हणजे ठेवलेले सगळे. प्रत्यक्षात एक्सचेंज त्याच्या थोडं आधीच सौदा कापून टाकतं. ते टाळायचं असेल तर आणखी मार्जिन भरायचं असतं. शेअर बाजार साडेतीनला बंद होतो, माणसाला रात्रभर विचार करायला वेळ मिळतो. क्रिप्टोला बंद व्हायची वेळच नाही. रात्री दोन वाजता फोन थरथरतो, समोर आकडा लाल होत असतो आणि बचतीचं खातं यूपीआयने दोन बोटांवर असतं. बचतीला हात लावायचा निर्णय कोणी सकाळी चहा घेताना, बायकोशी बोलून करत नाही. तो असा एकट्याने, रात्री, घाईत होतो. म्हणून चिठ्ठीत रकमेपेक्षा तारीख महत्त्वाची आहे. 5 तारखेआधी काही नाही, हे वाक्य त्या रात्रीसाठीच लिहिलं आहे. मित्र म्हणतो हात बांधले. हो, त्याच वेळेपुरते बांधले आहेत आणि हे शुद्धीवर असताना बांधून घेतले आहेत.

याच मित्राने आणखी एक युक्तिवाद केला, जो आपल्या भागात सर्रास ऐकू येतो: शेतीही जुगारच आहे, मग क्रिप्टोलाच का नावं ठेवता? मला याचा संताप येतो. सोयाबीनचा हमीभाव 2024-25 साठी 4,892 होता, 2025-26 साठी 5,328 झाला, आणि दोन्ही हंगामांत काढणीच्या वेळी बाजार समितीत भाव त्याखाली राहिला हे मला कोणी सांगायला नको. पण शेतात मेहनतीचं पीक उभं राहतं, ते खाता येतं, विकता येतं, साठवता येतं, त्यावर गोदामाची पावती घेऊन कर्ज काढता येतं. शेतीतला तोटा हा आपल्यावर आलेला अन्याय आहे. त्या अन्यायाचा दाखला देऊन दुसरीकडचा तोटा अंगावर ओढून घेणं, हा कुठला न्याय?

उलट शेतीमुळेच आमच्या बुलडाणा जिल्ह्यात ही चिठ्ठी पुण्या-मुंबईपेक्षा जास्त काळजीने लिहायला हवी. पगारदाराकडे पैसा दर महिन्याला येतो, शिल्लक किती ते लगेच कळतं. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास सोयाबीनची पट्टी एकरकमी खात्यात येते. त्या दिवशी खात्यावर लाखाच्या वर आकडा दिसतो आणि माणसाला वाटतं आपल्याकडे पैसे आहेत. ते आपले नसतातच. त्यातले बियाणं-खताचे जूनला जायचे असतात, पीककर्जाचे मार्चअखेर, मुलांच्या फीचे मध्येच कधीतरी. म्हणून सोयाबीनच्या पैशांचं नाव मी बचतीच्या यादीत मुद्दाम घातलं. आणि 3,000 ची रक्कम आम्ही दिवाळीतल्या आकड्यावरून ठरवली नाही. वर्षाचा सगळा खर्च आणि ठरलेली बचत वजा करून उरतं ते बाराने भागलं, आणि मग एकमेकांना विचारलं: वर्षाचे 36,000 पूर्ण गेले तर कुठला खर्च थांबेल? उत्तर "कुठलाच नाही" येईपर्यंत रक्कम खाली आणली. यांनी 5,000 पासून सुरुवात केली होती.

बचतीला हात न लावता बचत कशी जाते, हे दादाला आणि मित्रालाही दिसत नाही. ते दोन ठिकाणी घडतं. पहिलं ठिकाण कर. क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के आणि त्यावर उपकर धरून 31.2 टक्के कर लागतो. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. माहीत नसतं ते असं, की एका सौद्यातला तोटा दुसऱ्या सौद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. आकडे सोपे करून एक उदाहरण देते. एका माणसाचे वर्षभरात काही सौदे फायद्यात गेले, त्यांचा नफा 80,000. बाकीचे तोट्यात, त्यांचा तोटा 95,000. तो म्हणतो, माझे 15,000 गेले, कर कसला? कायदा म्हणतो, 80,000 वर 31.2 टक्के म्हणजे 24,960 रुपये भर. त्याने एकूण 6 लाखांची विक्री केली होती असं धरू, म्हणजे 6,000 आधीच कापले गेलेत. उरलेले 18,960 जुलैअखेर विवरणपत्र भरताना द्यायचे. एकूण नुकसान 15,000 नाही, 39,960 झालं. नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंत कर नाही, हा दिलासाही या विशेष दराच्या कराला लागू होत नाही.

हे 18,960 येणार कुठून? ट्रेडिंगच्या खात्यात तर तोटाच आहे. ते येतात आवर्ती ठेव मोडून. नवऱ्याने वर्षभर ठरलेल्या रकमेबाहेर एक रुपया घातलेला नसतो, शब्द पाळलेला असतो, आणि तरीही जुलैमध्ये बचत तुटते. म्हणून नुसतं "दरमहा इतके" लिहून भागत नाही. कर त्याच रकमेच्या आत बसवावा लागतो. आमच्या चिठ्ठीत प्रत्येक नफ्यातले 31.2 टक्के त्याच दिवशी काढून वेगळे ठेवायचे आहेत, पुढच्या सौद्यात तोटा झाला तरी. यांना हे कलम सर्वांत जाचक वाटतं. दर काही दिवसांनी खरेदी-विक्री करण्याचा उत्साह यामुळेच उतरला, आणि ते चांगलंच झालं.

दुसरं ठिकाण बँकेचं खातं. एक्सचेंजवरचा कर आणि फी टाळायची म्हणून बरेच जण अनोळखी माणसाशी थेट व्यवहार करतात. आपण डॉलरशी बांधलेलं नाणं त्याला द्यायचं, त्याने यूपीआयने रुपये पाठवायचे. आता समजा ते रुपये कुणा तिसऱ्याच माणसाला ऑनलाइन फसवून मिळवलेले आहेत. तो माणूस 1930 वर तक्रार करतो, पैशाचा माग काढत पोलीस आपल्या खात्यापर्यंत येतात आणि खातं गोठतं. कधी तेवढीच रक्कम अडकते, कधी पूर्ण खातं. तक्रार दुसऱ्या राज्यातली असली तर पत्रव्यवहारात महिने जातात. आपण फसवणूक केलेली नसते, पण त्याच खात्यात किराणा, दवाखाना, शाळा सगळं असतं. हाताने एक रुपयाही न उचलता घराची बचत अशी कुलूपबंद होते. यासाठी दोन गोष्टी: असा थेट व्यवहार करायचा नाही, आणि क्रिप्टोसाठीचं खातं वेगळ्या बँकेत ठेवायचं, ज्यात महिन्याच्या त्या 3,000 शिवाय काहीच नसेल.

एक्सचेंजवर पडून असलेल्या पैशाबद्दलही सांगायला हवं. तीन वर्षं दरमहा 3,000 घातले की आकडा लाखावर जातो, आणि मग घरात बोलताना तो हळूहळू बचतीत धरला जातो. "वेळ पडली तर ते आहेतच की." 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्सवर चोरी झाली, सुमारे 23 कोटी डॉलरची, आणि पैसे काढणं थांबलं. ग्राहकांना तिथली क्रिप्टो पुन्हा हाताळता यायला ऑक्टोबर 2025 उजाडला. त्या सव्वा वर्षात कोणाच्या घरी ऑपरेशन आलं असेल, कोणाकडे लग्न. ते पैसे नियमाने, ठरलेल्या रकमेतूनच घातलेले असतील, तरी अडकले ते अडकलेच. म्हणून आमच्या बचतीच्या यादीत क्रिप्टोतला एक रुपयाही नाही, फायद्यात असला तरी. कर भरून घरच्या खात्यात आला की मगच तो मोजायचा.

राहिला शेवटचा आक्षेप, तो माझ्या कार्यालयातल्याच एका वकिलांनी घेतला: नवरा-बायकोतली अशी चिठ्ठी न्यायालयात टिकत नाही. बरोबर आहे. घरगुती समजुतीला कायदा करार मानत नाही, हे तत्त्व 1919 च्या बाल्फोर खटल्यापासून चालत आलं आहे. पण मी ती न्यायालयात न्यायला लिहिलीच नाही. तिचं रक्षण आम्ही पतसंस्थेत केलं आहे. मुदत ठेव दोघांच्या नावावर आहे आणि दोघांच्या सहीशिवाय ती मोडत नाही, तिच्यावर कर्जही निघत नाही. आपल्या जिल्ह्यात 1986 पासून बुलडाणा अर्बनसारखी पतसंस्था वाढली ती लोकांच्या ठेवींवर. आपल्याकडे ठेव ठेवायची सवय आहे, ती दोन सह्यांनी ठेवायची सवय मात्र नाही. दागिन्यांबाबत तर कायदाही माझ्या बाजूने आहे. स्त्रीधन ही पूर्णपणे पत्नीची मालमत्ता आहे, अडचणीत नवऱ्याने वापरलं तर परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये पुन्हा सांगितलं. तरी दागिने घरच्या कपाटात असतील तर सोनेतारण कर्ज तासाभरात मिळतं, हे ओळखून मी ते माझ्या नावच्या लॉकरमध्ये ठेवले.

यात आमच्या ह्यांच्यावर अविश्वास आहे का? सासूबाईंनी हाच प्रश्न विचारला होता. मी त्यांना सांगितलं, की सही दोघांची आहे. मीसुद्धा एकटीने ती ठेव मोडू शकत नाही. यांच्या बहिणीच्या आजारपणात पैसे लागले तेव्हा आम्ही दोघांनी पतसंस्थेत जाऊन सह्या केल्या, पाच मिनिटांचं काम होतं. चांगल्या कारणाला दोन सह्या लगेच मिळतात. ज्या कारणासाठी बायकोची सही मागायला नवऱ्याची जीभ अडखळते, त्या कारणासाठी पैसे निघू नयेत, एवढंच मला हवं आहे.

माझ्या बचत गटात बसते तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती एका साध्या गोष्टीची वाटते. कितीतरी जणींच्या खात्याला नवऱ्याचा मोबाइल नंबर जोडलेला आहे. लाडकी बहीणचे 1,500 रुपये तिच्या नावावर येतात, पण ओटीपी त्याच्या फोनवर जातो. त्या घरात कसलीही चिठ्ठी लिहिली तरी बचत त्याच्या अंगठ्याखालीच राहते. तेव्हा माझ्याशी वाद घालणाऱ्यांना आणि घरातल्या फोनमध्ये असं ॲप असलेल्या प्रत्येक बाईला माझी विनंती आहे. या आठवड्यात बँकेत जाऊन आपल्या खात्याला आपला नंबर जोडून घ्या. मग नवऱ्याशेजारी बसून आयकराच्या संकेतस्थळावर त्याचं 26AS उघडा, आणि रकमेचं बोलणं त्या कागदापासून सुरू करा.